बोर्डिंग पासच्या छायाचित्राचे वाचन

बोर्डिंग पास हे विमानप्रवाशाला विमानात चढण्याची अनुमती देणारे पत्र होय. आसनाची नोंदणी म्हणजेच चेक-इन पूर्ण झाल्यावर विमान कंपनी ते प्रवाशाला देते. कागदी पासाप्रमाणेच भ्रमणध्वनीवरील पासही वापरात आहे. भारतात मे २०२० मध्ये देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा वेब चेक-इन बंधनकारक करण्यात आले आणि भ्रमणध्वनीवरील पासाचा वापर वाढला. असा पास किंवा त्याचे छायाचित्र प्रवाशाकडून नातेवाइकांकडे, कार्यालयाकडे किंवा विमानतळावर घ्यायला येणाऱ्या व्यक्तीकडे सहज जाते. छायाचित्र वाचताना पासावरील नोंदींचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. काही नोंदी प्रवास संपेपर्यंत सहसा बदलत नाहीत, तर काही नोंदी केवळ छायाचित्र काढण्याच्या क्षणापुरत्याच खऱ्या असतात.

== विमानतळ आणि टर्मिनल ==

पासावर प्रस्थान आणि आगमन या दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी संकेत असतात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना (आयाटा) हे संकेत देते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचा संकेत `BOM` असा आहे. तो शहराच्या जुन्या इंग्रजी नावावरून आला असून १९९५ मधील नामांतरानंतरही कायम राहिला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचा संकेत `NMI` असून तेथील प्रवासी वाहतूक डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील प्रवाशांसाठी हा संकेत विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यावर घरातून निघण्याची दिशाच ठरते. पासावर `BOM` असल्यास मध्य रेल्वेने घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीच्या दिशेने जाता येते किंवा रस्त्याने सहार अथवा सांताक्रूझ गाठता येते. `NMI` असल्यास ठाण्याहून वाशी, पनवेलच्या बाजूला जावे लागते, कारण हा विमानतळ पनवेलजवळ उलवे परिसरात आहे. संकेताशेजारी इंग्रजीत केवळ 'मुंबई' असे शहराचे नाव दिसत असेल, तर नावावर न जाता तीन अक्षरे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

`BOM` या संकेतातून टर्मिनल कळत नाही. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांची प्रवेशद्वारे वेगवेगळ्या रस्त्यांवर असून टर्मिनलचा क्रमांक पासावर स्वतंत्र रकान्यात छापलेला असतो. छायाचित्रात तो भाग कापला गेला असेल, तर मूळ तिकीट पाहावे लागते.

== गेट, वेळ आणि बोर्डिंग गट ==

गेट ही पासावरील सर्वांत अस्थिर नोंद आहे. वेब चेक-इन प्रस्थानाच्या कित्येक तास आधी होत असल्याने त्या वेळी गेट ठरलेले नसते आणि रकाना रिकामा राहतो. क्रमांक छापलेला असला, तरी विमान उशिरा आल्यास किंवा त्याची उभे राहण्याची जागा बदलल्यास गेटही बदलते. छायाचित्रातील गेट क्रमांक त्यामुळे प्राथमिक सूचना मानला जातो. अंतिम क्रमांक विमानतळावरील फलकावर दिसतो.

पासावर बोर्डिंगची वेळ आणि प्रस्थानाची वेळ अशा दोन वेळा असू शकतात. बोर्डिंगची वेळ म्हणजे गेटवर प्रवेश सुरू होण्याची वेळ. प्रस्थानाची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची नियोजित वेळ असून गेट त्यापूर्वीच बंद होते. देशांतर्गत उड्डाणांत सामान स्वीकारणारे काउंटर सामान्यतः प्रस्थानाच्या ६० मिनिटे आधी बंद होते, आणि गेट अनेकदा सुमारे २५ मिनिटे आधी. पासावर फक्त एकच वेळ ठळक छापलेली असल्यास ती कोणती आहे हे तिच्या शीर्षकावरून ओळखावे लागते.

बोर्डिंग गट किंवा झोन हा प्रवेशाचा क्रम दर्शवतो. त्याची पद्धत प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. काही ठिकाणी मागच्या रांगांना आधी बोलावतात, काही ठिकाणी जास्त भाडे भरणाऱ्यांना किंवा नियमित प्रवाशांना प्राधान्य मिळते. एका कंपनीचा 'गट २' आणि दुसरीचा 'गट २' यांची तुलना म्हणून करता येत नाही. `SEQ` या शीर्षकाखालील अनुक्रमांकाचा प्रवेशाच्या क्रमाशी संबंध नसतो. त्या उड्डाणासाठी चेक-इन झालेल्या प्रवाशांच्या नोंदीतील तो क्रमांक आहे.

== आसन आणि भाडेसंकेत ==

आसनक्रमांकात अंक रांग दाखवतो आणि अक्षर रांगेतील स्थान. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या एका मार्गिकेच्या विमानात तीन-तीन आसनांची रचना असल्यास A आणि F खिडकीलगत, B आणि E मध्ये, तर C आणि D मार्गिकेलगत असतात. दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानांत अक्षरे पुढे K पर्यंत जातात. त्यांत I हे अक्षर बहुधा वगळलेले असते, कारण ते १ या अंकासारखे दिसते. काही कंपन्या १३ क्रमांकाची रांग ठेवत नाहीत. रांगेचा क्रमांक पाहून विमानातील नेमके स्थान सांगताना ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते.

वर्ग या शीर्षकाखाली एकच अक्षर असते. Y हे सर्वसाधारणपणे इकॉनॉमी, J हे बिझनेस आणि F हे प्रथम वर्गासाठी वापरतात. इतर अक्षरे एकाच केबिनमधील निरनिराळे भाडेगट दाखवतात आणि त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. पूर्ण भाडेसंकेत अनेक अक्षरांचा असतो. रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, तारीख बदलता येईल का, यांसारख्या अटी त्याच्याशी जोडलेल्या असतात. तो ई-तिकिटावर आढळतो, पासावर सहसा नसतो. परिणामी पासाच्या छायाचित्रावरून प्रवास कोणत्या केबिनमधून झाला हे सांगता येते, परंतु भाडे किती होते हे सांगता येत नाही. प्रवासखर्चाच्या दाव्यात रकमेचा पुरावा म्हणून म्हणूनच तिकिटाची पावती स्वतंत्रपणे जोडावी लागते.

== बारकोडमधील नोंदी ==

पासावरील चौकोनी किंवा लांबट नक्षी म्हणजे द्विमितीय बारकोड. कागदी पासावर पीडीएफ४१७ हा प्रकार, तर भ्रमणध्वनीवर क्यूआर, ॲझटेक किंवा डेटा मॅट्रिक्स हे प्रकार वापरतात. आयाटाने २०१० च्या अखेरीस जुन्या चुंबकीय पट्टीच्या पासाऐवजी बारकोडचा पास सर्वत्र लागू केला. बारकोडमधील मजकूर सांकेतिक लिपीत लपवलेला नसतो. बारकोड वाचणाऱ्या साध्या ॲपनेही तो उलगडतो. एका टप्प्याच्या प्रवासासाठी त्यात ६० वर्णांचा अनिवार्य भाग असतो. पुढील नमुन्यातील प्रवासी, उड्डाण आणि कंपनीचा संकेत काल्पनिक आहेत.

```
M1PATIL/ASHA          EK7QX2M BOMNAGZZ 0417 046Y012F0087 100
```

आरंभीचे `M1` म्हणजे प्रमाणित स्वरूप आणि प्रवासाचा एक टप्पा. त्यानंतर आडनाव, तिरकी रेघ आणि नाव येते. यासाठी २० वर्णांचीच जागा असल्याने लांब नाव शेवटी कापले जाते आणि ही मुद्रणाची चूक नसते. `E` हे अक्षर ई-तिकीट दाखवते आणि `K7QX2M` हा आरक्षण क्रमांक म्हणजे पीएनआर आहे. पुढे मुंबई ते नागपूर हे विमानतळ, प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा संकेत आणि उड्डाण क्रमांक आहेत.

`046` ही तारीख आहे. वर्षाच्या आरंभापासून मोजलेला हा ४६ वा दिवस असल्याने जानेवारीचे ३१ दिवस वजा करता १५ फेब्रुवारी मिळते. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतरच्या प्रत्येक दिनांकाचा क्रमांक एकाने वाढतो. अनिवार्य भागात वर्षाची नोंद नसते. म्हणून जुन्या छायाचित्रातील प्रवास कोणत्या वर्षीचा हे केवळ या भागावरून निश्चित होत नाही. शेवटी `Y` हा वर्ग, `012F` हे खिडकीलगतचे आसन, `0087` हा चेक-इन अनुक्रमांक आणि `1` ही चेक-इन झाल्याची खूण आहे. अखेरचे `00` पुढे आणखी माहिती जोडलेली नसल्याचे सांगते. प्रस्थानाची वेळ, गेट आणि बोर्डिंग गट यांचा या भागात समावेश नाही.

या नमुन्यातील विमानाची छापील प्रस्थानवेळ ००:४० आहे असे मानल्यास तारखेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १५ फेब्रुवारी हा दिनांक मध्यरात्रीनंतरच्या ४० व्या मिनिटाचा आहे. सामानाचे काउंटर १४ फेब्रुवारीला रात्री २३:४० वाजता बंद होईल आणि डोंबिवलीहून निघणाऱ्या प्रवाशाने १४ तारखेच्या संध्याकाळीच घर सोडलेले असले पाहिजे. '१५ तारखेची रात्र' असे वाचणारा प्रवासी जवळजवळ एक दिवस उशिरा पोहोचतो. मध्यरात्र ते पहाट या काळातील उड्डाणांत तारीख आणि वेळ एकत्र वाचणे त्यामुळे अत्यावश्यक ठरते.

== गोपनीयता ==

अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आरक्षण पाहण्यासाठी आडनाव आणि पीएनआर एवढेच पुरेसे असते. हे दोन्ही पासावर छापलेले असतात आणि बारकोडमध्येही असतात. आरक्षणात शिरलेल्या व्यक्तीला परतीचा प्रवास किंवा संपर्क क्रमांक दिसू शकतो, आणि कंपनीने मुभा दिली असल्यास आसन बदलणे किंवा तिकीट रद्द करणेही शक्य होते.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी इन्स्टाग्रामवर टाकलेल्या बोर्डिंग पासाच्या छायाचित्रावरून ॲलेक्स होप या संगणक सुरक्षा अभ्यासकाला क्वांटास कंपनीच्या संकेतस्थळावरील आरक्षण उघडता आले. त्या पानाच्या संगणकीय मजकुरात ॲबट यांचा पारपत्र क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक आढळला. होप यांनी ही बाब संबंधितांना कळवली आणि त्रुटी दूर झाल्यानंतर त्याच वर्षी ती प्रसिद्ध केली.

छापील पीएनआरवर बोट ठेवून काढलेले छायाचित्र सुरक्षित नसते, कारण बारकोडमध्ये तोच क्रमांक शिल्लक राहतो. परतीचा प्रवास त्याच आरक्षणात असल्यास पहिला टप्पा संपल्यानंतरही हा धोका कायम असतो. झाकताना अपारदर्शक रंगाने पीएनआर, ई-तिकीट क्रमांक आणि संपूर्ण बारकोड झाकावा लागतो. घ्यायला येणाऱ्या व्यक्तीला आगमनाचा विमानतळ, उड्डाण क्रमांक आणि तारीख एवढ्याच नोंदी पुरतात आणि त्या छायाचित्राशिवायही कळवता येतात.