लोरा (भाषा-प्रारूप)

लोरा ही तयार भाषा-प्रारूपाला एखादे मर्यादित काम शिकवण्याची पद्धत आहे. तीत मूळ प्रारूपाची प्राचले जशीच्या तशी ठेवली जातात आणि त्यांच्या जोडीला बसवलेला छोटा भाग, म्हणजे अडॅप्टर, तेवढा प्रशिक्षित होतो. मायक्रोसॉफ्टमधील एडवर्ड हू व सहकाऱ्यांनी ती २०२१ मध्ये मांडली.

स्मृतीचा हिशेब

लामा २ या प्रारूपाच्या सर्वांत लहान आवृत्तीत सुमारे ६७४ कोटी प्राचले आहेत. ती सगळी बदलायची झाल्यास प्राचलांखेरीज प्रत्येकाचा ग्रेडियंट आणि प्रशिक्षणाच्या इतर नोंदीही सांभाळाव्या लागतात. नेहमीच्या रीतीने हा भार १०० जीबीच्या वर जातो. घरगुती संगणकातील मोठ्या ग्राफिक्स कार्डातही बहुधा २४ जीबीच स्मृती असते.

या प्रारूपातील ४०९६ × ४०९६ आकाराच्या एका मॅट्रिक्समध्ये १,६७,७७,२१६ आकडे असतात. लोरा त्यात होणारा बदल दोन अरुंद मॅट्रिक्सच्या गुणाकाराने दाखवते. रँक ८ धरल्यास त्या दोहोंत मिळून ६५,५३६, म्हणजे मूळच्या २५६ वा भाग, इतकेच आकडे येतात. त्यांपैकी एक मॅट्रिक्स आरंभी शून्याने भरलेले असल्याने प्रशिक्षणापूर्वी प्रारूपाचे वर्तन यत्किंचितही बदलत नाही.

```
LoraConfig(r=8, lora_alpha=16,
           target_modules=["q_proj", "v_proj"],
           task_type="CAUSAL_LM")
```

या मांडणीत ३२ थरांतील प्रत्येकी दोन मॅट्रिक्सना अडॅप्टर लागतो व एकूण ४१,९४,३०४ प्राचले प्रशिक्षित होतात. २०२३ च्या क्यूलोरा पद्धतीने मूळ प्राचले ४ बिटांत साठवली, की ती सुमारे ४ जीबीत मावतात. मग १२ जीबीचे कार्डही पुरू शकते.

उरलेली जागा मुख्यतः मजकुराची लांबी व्यापते. मराठीत ही अडचण अधिक जाणवते, कारण लामा २ देवनागरी शब्दांचे फार बारीक तुकडे करते आणि त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा कितीतरी अधिक तुकडे होतात. `CUDA out of memory` असा संदेश आल्यास एका वेळी एकच उदाहरण द्यावे व लांबीला मर्यादा घालावी.

उदाहरण आणि मर्यादा

समजा, नगरपालिकेकडे आलेले अर्ज पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती अशा खात्यांत वाटायचे आहेत. हाताने वर्गीकरण केलेल्या १,००० अर्जांपैकी १०० बाजूला ठेवून उरलेल्यांवर प्रशिक्षण देतात. प्रशिक्षणातील त्रुटी घटत असताना बाजूच्या शंभरांवरील त्रुटी वाढू लागली, तर प्रारूप अर्ज पाठ करू लागले आहे असे समजावे व तेथेच थांबावे. खात्याचे नाव सांगूनही उत्तर पुढे लांबत राहिले, तर बहुधा उदाहरणांच्या शेवटी समाप्तीचे चिन्ह दिलेले नसते.

लोरा उत्तराचा साचा चटकन शिकवते. मूळ प्रारूपाला नीट न येणारी भाषा मात्र एवढ्या अर्जांनी येत नाही. अशा वेळी रँक वाढवत बसण्यापेक्षा मराठी जाणणारे दुसरे मूळ प्रारूप निवडणे श्रेयस्कर असते. जुना अडॅप्टर त्याला जोडता येत नाही, कारण तो ज्या प्रारूपावर घडला त्याच्याच आकड्यांना पूरक असतो.