दहावा दिवस कोणता?

2024 सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. तीन तारखेला, गुरुवारी, आपल्याकडे घटस्थापना झाली. त्याच दिवशी जगभरच्या ज्यू घरांत नववर्षाचा पहिला दिवस होता. बारा तारखेला आपण सोने लुटले. ज्यू लोक त्या दिवशी अन्नपाणी वर्ज्य करून प्रायश्चित्ताचा उपवास करीत होते. आणि सोळा तारखेच्या संध्याकाळी, आपल्याकडे कोजागिरीचे दूध आटत असताना, त्यांचा मांडवांचा सण लागला.

यात चमत्कार काही नाही. दोन्ही पंचांगे चंद्राची. तिश्री महिन्याचा पहिला दिवस ते नववर्ष, रोश हाशाना; दहावा तो प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर; आणि पंधरावा, पौर्णिमेचा, तो सुक्कोत. त्या दिवसापासून लोक फांद्यांनी शाकारलेल्या मांडवात सात दिवस जेवतात, बसतात, निजतातही. दहावा आणि पंधरावा मोजताना नववर्षाचा दिवसही धरायचा, म्हणजे पुढे सरकायचे ते नऊ आणि चौदा दिवस. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून सतरा तारखेचा सण सोळाच्या संध्याकाळी लागला.

एकदा पहिला दिवस ठरला की बाकीचे बोटांवर मोजता येतात. पण पहिला दिवस ठरवायचा कोणी? या प्रश्नापायी एकदा दोन थोर पुरुषांत असा पेच पडला, की त्याची हकीकत मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेत कायमची नोंदली गेली.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. त्यानंतर धर्मसभा याव्ने या गावी बसू लागली. तिचे प्रमुख होते रब्बान गमलिएल. त्या काळी छापील पंचांग नव्हते. महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे कोर पाहिलेल्या साक्षीदारांच्या जबानीवर ठरे. एकोणतीस दिवस संपल्यावर तिसाव्या रात्री कोर दिसली आणि साक्ष पटली, तर तोच दिवस नव्या महिन्याचा पहिला. साक्ष आली नाही, तर जुन्या महिन्याला आणखी एक दिवस मिळे. साक्षीदार बहुधा साधी माणसे. त्यांना शब्दांत सांगता येईना, म्हणून गमलिएलांनी आपल्या माडीच्या भिंतीवर चंद्राच्या आकृत्या काढून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ते विचारीत : अशी होती, की अशी?

एका वर्षी दोन साक्षीदार आले. कोर वेळेवर दिसली, असे ते म्हणाले. पण दुसऱ्या रात्री ती कोणालाच दिसली नाही. आता चंद्र तर रोज वाढणारा. काल दिसलेली कोर आज नाहीशी कशी होईल? तरीही गमलिएलांनी साक्ष मान्य केली आणि महिना जाहीर केला. वृद्ध पंडित दोसा बेन हार्किनास यांनी साक्षीदारांना खोटे ठरवले. आज बाळंत झालेल्या बाईचे पोट उद्या पुन्हा टम्म दिसावे, तशी ही साक्ष आहे, असे त्यांचे म्हणणे. रब्बी यहोशुआ, सभेतले मोठे विद्वान, यांना ते पटले.

प्रश्न एका दिवसाचाच होता. पण तो एक दिवस केवढा, ते पाहा. समजा, गमलिएलांची तिश्री सोमवारी सुरू झाली. मग त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस पुढच्या आठवड्यातला बुधवार. यहोशुआंच्या हिशेबाने महिना मंगळवारी सुरू झाला, म्हणजे त्यांचा तो पवित्र दिवस गुरुवार. एकाच गावात एका घरी उपवास आणि शेजारी चूल पेटलेली. पुढे मांडवांचा सणही दोन दिवशी. मंदिर गेलेले, राज्य गेलेले. आता सणही दुभंगले तर लोकांना एकत्र धरून ठेवणारे उरलेच काय?

गमलिएलांनी आज्ञा पाठवली : तुमच्या हिशेबाने जो प्रायश्चित्ताचा दिवस येतो, त्या दिवशी हातात काठी आणि जवळ पैसे घेऊन माझ्याकडे या. त्या दिवशी प्रवास निषिद्ध, पैशाला हात लावणेही निषिद्ध. ज्या दिवसाला मनोमन वर्षातला सर्वांत पवित्र मानले, तो स्वतःच्या हाताने मोडायचा!

यहोशुआ व्यथित होऊन बसले. तेव्हा रब्बी अकीवा त्यांच्याकडे आले. सण तुम्ही जाहीर करायचे आहेत, असे धर्मग्रंथच सांगतो, याची त्यांनी आठवण दिली. जाहीर केले तेच सण, मग ते वेळेवर पडोत वा न पडोत. पुढे यहोशुआ दोसांकडे गेले. ज्यांनी साक्ष खोटी म्हटली होती तेच दोसा आता म्हणाले, की या सभेचा निर्णय उकरायचा, तर मोशेपासून आजवरच्या प्रत्येक सभेचा निर्णय उकरावा लागेल.

तो दिवस उजाडला. यहोशुआ काठी आणि पैसे घेऊन याव्नेला चालत गेले. त्यांना पाहताच गमलिएल उठून उभे राहिले, त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि त्यांना आपले गुरू आणि आपले शिष्य असे दोन्ही म्हटले : ज्ञानाने गुरू, आणि आज्ञा मानली म्हणून शिष्य. आपले मत चुकले, असे यहोशुआंनी म्हटल्याची नोंद मात्र नाही.

पुढे साक्षीदारांची जागा गणिताने घेतली. हे श्रेय परंपरा चौथ्या शतकातल्या दुसऱ्या हिल्लेल यांना देते. नियमांना आजचे पक्के रूप यायला मात्र आणखी काही शतके लागली. सरासरी चांद्रमासावरून अमावास्येचा क्षण काढायचा, अशी ती रीत. पण मौज अशी, की गणित आल्यावरही पहिला दिवस पुरता स्वतंत्र झाला नाही. नववर्ष रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचे नाही, असा नियम आहे. बुधवारी आले तर दहावा दिवस शुक्रवारी पडतो, शुक्रवारी आले तर रविवारी. म्हणजे शनिवारच्या विश्रांतीला लागून कडक उपवास. सलग दोन दिवस ना चूल पेटायची, ना मृताचे दफन व्हायचे. आणि रविवारी आले, तर मांडवांच्या सणाचा सातवा दिवस शनिवारी येतो, आणि त्या दिवशीचा वाळुंजाच्या डहाळ्या जमिनीवर आपटण्याचा विधी बुडतो.

2023 सालचेच उदाहरण घ्या. गणिताने अमावास्येचा क्षण आला शुक्रवारी, 15 सप्टेंबरला, पहाटे पाच वाजून एकोणपन्नास मिनिटांनी. शुक्रवार चालत नाही, म्हणून नववर्ष शनिवारी, 16 तारखेला धरले. उपवास सोमवारी, 25 ला आला आणि मांडव शनिवारी, 30 ला. सरकवले नसते, तर उपवास रविवारी, शनिवारला चिकटून आला असता. म्हणजे पहिला दिवस दहाव्याला ठरवतो हे खरे. पण दहाव्याच्या सोयीसाठी पहिलाही एक पाऊल मागे घेतो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींचे घर या सगळ्या धर्मसभांपासून फार दूर. तरी त्यांनी नववर्ष ‘नव्याचा सण’ म्हणून पाळले. दहाव्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून उपवास केला, आणि त्यानंतरच्या दिवसाला ‘शिळा सण’ असे अस्सल मराठी नाव दिले. त्या दिवशी दारे उघडत, दानधर्म होई, भेटीगाठी होत.

तिथीवरून आपल्याकडेही वाद होतात; एका पंचांगात एकादशी आज, दुसऱ्यात उद्या. असा वाद कानी आला की मला भर उपवासाच्या दिवशी काठी टेकीत याव्नेच्या वाटेने निघालेले यहोशुआ दिसतात. चंद्राविषयी त्यांचे म्हणणे कदाचित बरोबरच असेल. तरीही ते चालत गेले, आणि त्या वर्षी सगळ्यांचा उपवास एकाच दिवशी झाला.