अभियोक्त्याचा तर्कदोष

खुणा जुळण्याची दुर्मिळता म्हणजेच आरोपी निर्दोष असण्याची शक्यता, असे मानण्याची चूक. हे नाव विल्यम थॉम्पसन व एडवर्ड शूमन यांनी 1987 मध्ये रूढ केले.

समजा, न्यायवैद्यक अहवालाच्या पानाच्या फोटोत एवढेच वाक्य दिसते: ‘अशी खूण दहा हजारांत एकाकडे आढळते.’ वाचणारा लगेच म्हणतो, म्हणजे हा माणूस निर्दोष असण्याची शक्यता दहा हजारांत एक! वाक्य तसे म्हणतच नाही. ते सांगते की, घटनास्थळी सापडलेला माग दुसऱ्याच कोणाचा असेल, तर या माणसाची खूण योगायोगाने जुळण्याची शक्यता तेवढी आहे. ‘असेल तर’ गळले की अर्थ उलटतो.

सोलापूर शहराची 2011 ची लोकसंख्या 9,51,558. तिला दहा हजारांनी भागले, तर सुमारे 95 जणांची खूण जुळेल. अन्य पुरावा नसेल आणि संशयाचे वर्तुळ शहरापुरतेच असेल, तर आरोपी त्या शेकडाभरातला एक ठरतो. अर्थात आकडा फुकट जात नाही. साडेनऊ लाखांतून तो शंभराच्या आसपास आणून सोडतो. घटनास्थळी वावर सिद्ध झाला, तर यादी आणखी आखडते. मात्र सख्खा भाऊ संशयित असेल किंवा प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, तर हा आकडा लागू पडत नाही.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने डोहेनी व अ‍ॅडम्स खटल्यात (1996) हेच दाखवले: दहा लाखांत एक अशी खूण देशातील सुमारे 26 पुरुषांची असू शकते.