फक्त भारतात विक्रीसाठी

इंजिनियरिंग किंवा कॉमर्सची इंग्रजी पुस्तकं ज्यांनी वापरली आहेत त्यांना मलपृष्ठावरची ती चौकट आठवत असेल. ही आवृत्ती फक्त भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका वगैरे देशांत विक्रीसाठी आहे, इतरत्र नेल्यास बेकायदेशीर ठरेल, अशा अर्थाची. कागद जरा पातळ, चित्रं काळीपांढरी, बाकी मजकूर तोच. आणि किंमत अमेरिकेतल्या किमतीच्या पाचवा-सहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. आमच्या पिढीतल्या अमेरिकेला जाणाऱ्यांच्या बॅगेत भाजणीच्या पिशवीखाली ही पुस्तकं ठरलेली असायची, आणि वजनकाट्यावर पहिला बळी भाजणीचाच जायचा!

हे पुस्तक स्वस्त का, याची दोन उत्तरं घरोघरी ऐकू येतात. पहिलं, "गरीब देशांसाठी सवलत देतात." दुसरं, "इथे तोटा सोसतात आणि तिकडे वसूल करतात." पहिल्यात थोडं तथ्य कधीकाळी होतं. ईएलबीएसची पुस्तकं आठवतात? ती ब्रिटिश सरकारच्या अनुदानामुळे स्वस्त होती, आणि १९९७ साली ते अनुदान संपलं. पण वर सांगितलेल्या चौकटीतल्या पुस्तकांना कुणाचंच अनुदान नव्हतं. तिथे सवलतही नाही आणि तोटाही नाही. प्रकाशकाला सगळ्यात जास्त नफा ज्या किमतीला होतो, तीच किंमत प्रत्येक देशात लावलेली असते.

आर्थर पिगू या केंब्रिजच्या प्राध्यापकांनी १९२० साली या प्रकाराला नाव दिलं, थर्ड डिग्री प्राइस डिस्क्रिमिनेशन. आपण मूल्यभेद म्हणू. पण दोन बाजारांत माल कसा वाटायचा याचं आकृत्या काढून सविस्तर गणित मांडलं ते जोन रॉबिन्सन यांनी, १९३३ सालच्या पुस्तकात. (या बाईंचा आपल्याशी एक धागा आहे. १९२६ साली लग्न झाल्यावर त्या नवऱ्याबरोबर थेट ग्वाल्हेरला आल्या. ऑस्टिन रॉबिन्सन हे बाल महाराज जिवाजीराव शिंद्यांचे शिक्षक होते. म्हणजे अर्थशास्त्रात नाव होण्याआधीची दोनेक वर्षं त्यांनी एका मराठी संस्थानात काढली. असो.)

ते गणित एका कल्पित पुस्तकावर करून बघू. आकडे माझे आहेत, सोयीचे घेतलेले. छापून दुकानात पोचवायला एका प्रतीला १० डॉलर लागतात. अमेरिकेत १०३ डॉलर किंमत ठेवली तर २९ हजार प्रती खपतात, १०० ठेवली तर ३० हजार, ९७ ठेवली तर ३१ हजार. भारतात २१ डॉलरला ९ हजार, २०ला १० हजार आणि १९ला ११ हजार.

आता अमेरिकेत शंभर डॉलरला ३० हजार प्रती जात असताना आणखी हजार प्रती विकायच्या आहेत असं समजा. वरवर पाहता हजार प्रतींचे लाखभर डॉलर यायला हवेत. पण त्यासाठी किंमत ९७वर आणावी लागते, आणि ती सगळ्याच ३१ हजार जणांसाठी उतरते. आधी ३० लाख मिळत होते, आता ३० लाख ७ हजार. शंभर डॉलरच्या पुस्तकाच्या हजार प्रती वाढल्या आणि गल्ल्यात भर पडली सात हजारांची! छपाईचे दहा हजार गेले ते वेगळेच. उलट २९ हजारांवरून ३० हजारांवर जाताना भर पडते १३ हजारांची. म्हणजे ३० हजारांच्या आसपास एका जादा प्रतीमागे साधारण दहाच डॉलर हाती लागतात. हिला सीमांत प्राप्ती म्हणतात.

हाच हिशोब भारतात करा. ९ हजारांवरून १० हजारांवर जाताना गल्ला १,८९,०००वरून २,००,०००वर जातो, म्हणजे भर ११ हजारांची. १०वरून ११ हजारांवर जाताना भर ९ हजारांची. मध्ये पुन्हा दहा डॉलरच!

सगळी गोम इथे आहे. किंमत एकीकडे १०० आणि दुसरीकडे २०, पण शेवटच्या प्रतीपासून मिळणारी भर दोन्हीकडे सारखी, आणि ती प्रतीच्या खर्चाइतकी. समजा हे सारखं नसतं, अमेरिकेत शेवटची प्रत ४० डॉलरची भर टाकत असती आणि भारतातली दहाची. मग भारताच्या गठ्ठ्यातली एक प्रत काढून तिकडे पाठवली की तीस डॉलर सुटले. दोन्ही भर समान होईपर्यंत प्रकाशक प्रती हलवत राहणार. लावलेली किंमत बघून कुठला बाजार फायद्याचा हे ठरवता येत नाही, ते शेवटच्या प्रतीवरून ठरतं.

मग शंभर आणि वीस एवढा फरक पडतो कशाने? किंमत वाढल्यावर गिऱ्हाईक किती पळतं, यावरून. अमेरिकेत पुस्तक निवडतो प्राध्यापक आणि पैसे देतो विद्यार्थी. गृहपाठ त्याच पुस्तकातला, तोही चालू आवृत्तीतला. किंमत एक टक्का वाढली तर आपल्या उदाहरणात तिथले जेमतेम १.१ टक्के गिऱ्हाईक सुटतं. भारतात दोन टक्के सुटतं. कारण इथे विद्यार्थ्यापाशी पर्याय भरपूर. अप्पा बळवंत चौकातलं जुनं पुस्तक, झेरॉक्स, लायब्ररी, वरच्या वर्गातल्या दादाच्या वह्या, देशी लेखकाचं 'युनिव्हर्सिटी सिलॅबसप्रमाणे' पुस्तक. जिथे मागणी कमी लवचिक तिथे किंमत चढी. नुसतं 'अमेरिकन श्रीमंत म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. श्रीमंत माणसापाशीही चार पर्याय असते तर त्याच्याकडून शंभर निघाले नसते.

"मग सगळीकडे एकच किंमत लावा ना, न्याय होईल," असं म्हणणारे बरेच भेटतात. लावून बघू. भारतात ३० डॉलरच्या वर एकही प्रत खपत नाही असं धरू (वरचे आकडे तसेच पुढे नेले तर तेच येतं). दोन्ही देशांत विकायचं तर किंमत तिशीच्या खाली आणावी लागेल, आणि अमेरिकेतला २७ लाखांचा नफा निम्म्याहूनही खाली येईल. प्रकाशक ते कशाला करेल? तो शंभरवरच थांबेल. अमेरिकन विद्यार्थ्याला एका डॉलरचाही फायदा नाही आणि भारतातल्या दहा हजार जणांना पुस्तकच नाही. हे नेहमीच असं होतं असं नाही. दुसरा बाजार पुरेसा मोठा असेल तर एकच किंमत अधेमधे कुठेतरी बसते, एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडते. पण पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत भारतातला नफा तिकडच्या मानाने किरकोळ, म्हणून पहिली शक्यता जास्त खरी.

किती किरकोळ? आपल्या उदाहरणात भारतातल्या १० हजार प्रतींवर सुटतात एक लाख डॉलर. आता एका हुशार माणसाने वीस डॉलरची प्रत अमेरिकेत नेऊन विकली आणि तिथलं एक शंभरचं गिऱ्हाईक तोडलं, तर प्रकाशकाला नव्वदऐवजी दहा मिळतात. ऐंशीचा फटका. अशा फक्त १,२५० प्रती परत गेल्या की भारतात विकण्याचा सगळा फायदा साफ. अमेरिकेतल्या दर चोवीस गिऱ्हाइकांतलं एक! त्यापेक्षा जास्त गळती झाली तर भारतात न विकलेलंच बरं. म्हणून ती मलपृष्ठावरची चौकट. दोन बाजारांमधली भिंत पक्की असेल तरच हा सगळा खेळ चालतो.

ती भिंत हलवली सुपाप कीर्तसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्याने. १९९७ साली तो गणित शिकायला कॉर्नेलला आला. मायदेशी तीच पुस्तकं किती स्वस्त आहेत हे त्याला ठाऊक होतं. घरच्यांनी आणि मित्रांनी तिकडच्या दुकानांतून पुस्तकं विकत घेऊन पाठवायची, याने ती ई-बेवर विकायची आणि घरच्यांचे पैसे फेडून उरलेले ठेवायचे. चोरी नाही, नकली छपाई नाही. २००८ साली जॉन वायली या प्रकाशकाने त्याच्यावर खटला भरला. ज्यूरीने आठ पुस्तकांमागे प्रत्येकी ७५ हजार असे सहा लाख डॉलर ठोठावले आणि वरच्या कोर्टाने २०११ साली ते कायम केले.

मुद्दा असा होता. एकदा विकत घेतलेली प्रत पुन्हा विकायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही, हा अमेरिकेतला जुना नियम. रद्दीचं दुकान त्यावरच चालतं. पण परदेशात छापलेल्या प्रतीला तो लागू आहे का? १९ मार्च २०१३ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितलं की आहे. न्यायमूर्ती ब्रायर यांनी मूल्यभेदाचा प्रश्न टाळला नाही. बाजार वेगळे ठेवणं प्रकाशकांना अवघड जाईल हे त्यांनी मान्य केलं, पण एकाच पुस्तकाला वेगवेगळ्या किमती लावण्याचा हक्क कॉपीराइटमध्ये मुळात येतो असं कुठे म्हटलेलं नाही, असंही बजावलं. (गंमत म्हणजे २०१० साली आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने याच प्रकाशकाच्या दाव्यात स्वस्त आवृत्त्या अमेरिकेत पाठवणाऱ्या विक्रेत्यांना मनाई केली होती.)

निकाल ऐकून माझ्या ओळखीतले बरेच विद्यार्थी खूश झाले. मला मात्र त्या दहा हजारांची काळजी वाटली, कारण कायद्याची भिंत गेल्यावर प्रकाशकापाशी उरणारा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे भारतातली किंमत चढवणं. कीर्तसेंगवर अन्याय झाला होता आणि तो दूर झाला हे बरंच झालं. पण त्याच्या नफ्याचा प्रत्येक डॉलर वीस आणि शंभर यांच्यातल्या दरीतून आला होता. अशी वाहतूक वाढत गेली असती तर ती दरी बुजली असती, आणि ती बहुधा वरच्या बाजूने बुजली असती.

प्रकाशकांनी दुसऱ्याच भिंती उभारल्या. काही तर आधीपासूनच होत्या. आशियातल्या आवृत्तीत उदाहरणांचे क्रमांक बदलायचे, आकडे बदलायचे. प्रकरण तिसरं, गणित सतरावं सोडवून आणा म्हटलं की स्वस्त आवृत्तीवाल्याची पंचाईत. अमेरिकेत पुस्तकाबरोबर एकदाच वापरता येणारा कोड देतात, त्याशिवाय ऑनलाइन गृहपाठ जमा होत नाही. पुस्तकं भाड्याने देतात, आणि भाड्याची वस्तू विकता येत नाही. ई-पुस्तकात तर प्रतच हातात येत नाही, नुसती वाचण्याची परवानगी मिळते, आणि ती देताना कार्डाचा पत्ता कुठल्या देशातला आहे ते पाहता येतं. बॅगेत घालून ती कुणाला नेता येत नाही, आणि वर्ष संपल्यावर धाकट्या भावालाही देता येत नाही.