उशिराच्या पैशावरचा आक्षेप

म्युच्युअल फंडातल्या मासिक गुंतवणुकीबद्दल मराठी मध्यमवर्गात एक मत चांगलेच रुजले आहे. लवकर सुरुवात करा, झेपेल तो हप्ता लावा आणि मग त्याला हात लावू नका. दरवर्षी हप्ता वाढवण्याचा, म्हणजे टॉप-अपचा विषय निघाला की हीच मंडळी मान हलवतात. त्यांचे म्हणणे असे की चक्रवाढीला वेळ हवा असतो. पंधराव्या वर्षी घातलेल्या पैशाला वाढायला वेळच कुठे मिळतो? तेव्हा टॉप-अप म्हणजे जास्त पैसे भरायला लावण्याची फंडवाल्यांची युक्ती. त्यापेक्षा दोन-चार टक्के जास्त देणारा फंड शोधावा, उद्दिष्ट आपोआप लवकर गाठले जाईल.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. उशिरा आलेला पैसा कमी वाढतो, हे गणिताने खरेच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो मान्य करून लोक आयुष्यातली चार-चार वर्षे हातची घालवतात, म्हणून त्याचा हिशेब मांडणे गरजेचे वाटते.

उदाहरण नेहमीचेच घेऊ. हातात दरमहा ५०,००० रुपये येणारा एक नोकरदार महिन्याच्या सुरुवातीला १०,००० रुपयांची एसआयपी लावतो. उद्दिष्ट १ कोटीचे. परतावा दरमहा १ टक्का धरू. प्रत्यक्षात बाजार असा सरळ रेषेत चालत नाही, पण तुलना करायची तर दोन्ही बाजूंना एकच माप लावले पाहिजे. हप्ता कायम १०,००० ठेवला, तर १ कोटी जमायला २० वर्षे लागतात. तोच हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेला, म्हणजे दुसऱ्या वर्षी ११,०००, तिसऱ्या वर्षी १२,१००, तर तेच १ कोटी १५ वर्षे १० महिन्यांत जमतात. ५० महिने वाचले.

आता पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा. टॉप-अपचा पैसा उशिराचा असतो म्हणून तो कुचकामी, असे म्हणताना सगळी वाढ एकाच गाठोड्यात बांधली जाते. खरे तर दरवर्षीची वाढ ही स्वतंत्र छोटी एसआयपीच असते आणि प्रत्येकीचे वय वेगळे असते. पहिल्या वाढीचे १,००० रुपये तेराव्या महिन्यापासून सुरू होतात आणि शेवटपर्यंत १७८ वेळा भरले जातात. भरलेले १ लाख ७८ हजार शेवटी सुमारे ४ लाख ९३ हजार होतात, म्हणजे पावणेतीन पटींहून थोडे जास्त. पंधरावी वाढ ३,७९७ रुपयांची, पण तिला फक्त दहाच हप्ते मिळतात. जवळपास ३८ हजार भरले तर ४० हजार होतात. पूर्वपक्ष पंधराव्या वाढीकडे बोट दाखवतो आणि पहिलीलाही तीच शिक्षा देतो.

ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसावी म्हणून एक वेगळा हिशेब करून पाहा. समजा या नोकरदाराने फक्त पहिली पाच वर्षे हप्ता वाढवला आणि १६,१०५ रुपयांवर पोहोचल्यावर तो तसाच ठेवला. मग १ कोटीला सुमारे साडेसतरा वर्षे लागतात. वाचलेल्या ५० महिन्यांपैकी ३० महिने पहिल्या पाच वाढींनीच मिळवून दिले. पुढच्या दहा वाढी मिळून २०. आता उलटे करू. ‘सध्या घराचे हप्ते आहेत, पाच वर्षांनी वाढवायला लागू’ असे म्हणून पहिली पाच वर्षे १०,०००वरच थांबला आणि मग दरवर्षी १० टक्के वाढ सुरू केली, तर १७ वर्षे ८ महिने लागतात. एवढ्या विलंबाने २२ महिने गेले. म्हणजे चक्रवाढीला वेळ हवा, हे ज्यांचे लाडके तत्त्व आहे, त्यांनीच टॉप-अप पहिल्या वर्षापासून लावण्याचा आग्रह धरायला हवा होता.

दुसरा मुद्दा पैशांचा. टॉप-अपवाल्याने जास्त पैसे भरले, मग तो लवकर पोहोचणारच, त्यात विशेष काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि आकडेही तेच सांगतात. स्थिर हप्त्यात २४ लाख भरावे लागतात, वाढत्या हप्त्यात सुमारे ४२ लाख ३० हजार. इतकेच काय, १५ वर्षे १० महिन्यांतच पोहोचायचे असेल, तर पहिल्या महिन्यापासून सुमारे १७,६०० रुपयांचा स्थिर हप्ता लावणे अधिक स्वस्त पडते. त्यात साडेतेहेतीस लाखांच्या आत काम होते. ज्याला आज १७,६०० झेपतात त्याने तेच करावे, याबद्दल दुमत नाही. पण ५०,००० हातात येणाऱ्याने घरभाडे, शाळेची फी, किराणा, आईवडिलांची औषधे सांभाळून दरमहा १७,६०० बाजूला काढायचे, तर पहिल्याच आजारपणात एसआयपी बंद पडते. टॉप-अपचे खरे काम इथे सुरू होते: जो पैसा आज हातात नाही पण पगारवाढीबरोबर येणार आहे, त्यावर आधीच उद्दिष्टाचे नाव घालून ठेवायचे. आणि जास्तीच्या सुमारे १८ लाख ३० हजारांच्या रकमेने काय मिळाले हेही पाहा. १ कोटी जमल्यावर त्याने एक रुपयाही न भरता २० वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर त्याच परताव्याने ते १ कोटी ६४ लाख होतात.

तिसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, तो म्हणजे जास्त परताव्याच्या फंडाचा शोध. हप्ता १०,०००वरच ठेवून १५ वर्षे १० महिन्यांत १ कोटी गाठायचे तर दरमहा १ टक्का पुरत नाही, साधारण १.४४ टक्के लागतात. वर्षाच्या भाषेत, १२ टक्क्यांच्या जागी १७ टक्क्यांहून जास्त. जवळपास सोळा वर्षे सलग, सरासरीने, १७ टक्क्यांहून जास्त देणारा फंड आजच नेमका निवडायचा! मागच्या कामगिरीच्या यादीत असे फंड दिसतात, पण ते मागे वळून पाहिल्यावर. आणि त्यासाठी जो फंड-बदल होतो, त्यात एक्झिट लोड आणि भांडवली नफ्यावरचा कर लागू शकतो तो वेगळाच. हप्त्यातली वाढ गुंतवणूकदाराच्या हातात असते, परतावा नसतो. हातातले सोडून हाताबाहेरच्या गोष्टीमागे धावण्याला शहाणपण म्हणायला माझी तयारी नाही.

इथपर्यंतचा हिशेब १ कोटी ही रक्कम कायम धरून केला. पण कुणालाही १ कोटीचा आकडा नको असतो; आज १ कोटीत जे येते ते हवे असते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर उद्दिष्टही दरवर्षी ६ टक्क्यांनी पुढे सरकते. असे धरून दोघांचा हिशेब पुन्हा केला की चित्र पार बदलते. स्थिर हप्तेवाल्याला आजच्या किमतीतले १ कोटी गाठायला साडेसदतीस वर्षांहून अधिक काळ लागतो. दरवर्षी १० टक्के वाढवणारा पंचवीस वर्षांच्या थोडा पुढे पोहोचतो. चार वर्षांचा फरक एकदम साडेबारा वर्षांचा होतो. कारण उघड आहे: महागाईत स्थिर १०,००० रुपयांचा हप्ता दरवर्षी आक्रसत जातो. ‘हप्त्याला हात लावू नका’ याचा अर्थ ‘दरवर्षी थोडी कमी गुंतवणूक करा’ असाच होतो, हे या मताच्या पुरस्कर्त्यांच्या लक्षात येत नसावे.

तरी टॉप-अपच्या बाजूने बोलताना त्याच्या मर्यादा झाकायच्या नाहीत. पाच वर्षांच्या उद्दिष्टात त्याचा उपयोग थोडाच. स्थिर १०,०००ने पाच वर्षांत सव्वाआठ लाख होतात. १० टक्के वाढीने तेच साडेचार वर्षांत. सहा महिनेच वाचतात, आणि इतक्या कमी मुदतीत शेअर बाजारावर भिस्त ठेवणेच मुळात बरोबर नाही. दुसरी मर्यादा पगाराची. सोळाव्या वर्षी हप्ता ४१,७७२ रुपयांचा होतो. पगार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला असेल तर तो तेव्हाच्या पगाराच्या सुमारे २६ टक्के पडतो. सुरुवातीला २० टक्के होता, म्हणजे जड झाला तरी उचलता येतो. पण पगारवाढ ६ टक्क्यांचीच असेल तर तो ३५ टक्क्यांच्या घरात जातो आणि तिथे बहुतेकांची दमछाक होते. अशांनी टक्क्यांऐवजी ठरावीक रकमेची वाढ घ्यावी. दरवर्षी सरळ १,००० रुपये वाढवले तर १ कोटी १६ वर्षे ११ महिन्यांत जमतात. १० टक्क्यांच्या तुलनेत वर्षभर जास्त, पण सतराव्या वर्षीही हप्ता २६,०००च असतो. स्थिर हप्त्यापेक्षा तीन वर्षे वाचवणारी ही वाट माझ्या मते बहुतेक नोकरदारांना टक्क्यांच्या वाटेपेक्षा जास्त मानवणारी आहे.

आणि एक गोष्ट अर्जावरची. टॉप-अपसाठी अर्जात रक्कम किंवा टक्का, किती काळाने वाढवायचे आणि बऱ्याच ठिकाणी हप्त्याची कमाल मर्यादा, असे रकाने असतात. ते नीट भरूनही टॉप-अप मध्येच अडकतो, तो बँकेच्या मँडेटमुळे. बँकेला दिलेल्या या परवानगीत एका वेळी खात्यातून कापायची कमाल रक्कम लिहिलेली असते. हप्ता १०,०००चा म्हणून कुणी मँडेट १५,०००चे केले, तर पाचव्या वर्षीचा १४,६४१चा हप्ता जातो, पण सहाव्या वर्षीचा १६,१०५चा जात नाही. तोवर अर्ज विस्मरणात गेलेला असतो. म्हणून टॉप-अपच्या महिन्यात पासबुकात जुनीच रक्कम कापलेली दिसली, किंवा हप्ता परत गेल्याचा संदेश आला, तर आधी मँडेटची मर्यादा पाहावी. १० टक्के वाढीने १ कोटीपर्यंत जायचे असेल तर ती पहिल्याच दिवशी ४५,०००ची करून घ्यावी. मर्यादा मोठी असली तरी खात्यातून कापला जातो तो त्या महिन्याचा हप्ताच. चालू एसआयपीला नंतर टॉप-अप जोडता येत नसेल, तर ती बंद करू नये; वाढीव रकमेची दुसरी एसआयपी त्याच योजनेत सुरू करावी. हिशेब एका पैशानेही बदलत नाही.