तळटीप : सोमारू टेकाम

* सोमवारी जन्मला म्हणून सोमारू. दुष्काळात जन्मला असता तर कदाचित अकालू. टेकाम हे गोंडांचे कुलनाम सागावरून आले आहे. शाळेच्या नोंदवहीत मात्र सोमारूचा ‘सोमनाथ’ सहज होतो, कारण गुरुजींना तेच नीटनेटके वाटते. घोळ दोन पिढ्यांनी उघडा पडतो. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने जात-पडताळणीसाठी १९५०पूर्वीची महसुली नोंद काढावी, तर तिथे आजोबा ‘सोमारू’, आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचेच वडील ‘सोमनाथ’. माणूस एकच, हे त्याने वंशावळ आणि शपथपत्र देऊन पटवायचे. गंमत अशी, की १९९४च्या माधुरी पाटील निकालापासून पडताळणीत कागदांसोबत जमातीची दैवते, विधी आणि चालीरीतीही विचारल्या जातात. म्हणजे दाखल्याने पुसले तेच तोंडी सांगायचे.