शब्दाला शब्द ठेवला की करार कळतो?

परदेशी विद्यार्थ्याला खोली भाड्याने देताना वसतिगृहाचे नियम, सोसायटीच्या सूचना आणि भाडेकरार त्याच्या भाषेत करून द्यावेत, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. गोव्यात मोरजी आणि हरमलच्या किनाऱ्यावर रशियन पाट्या कितीतरी वर्षे दिसत आहेत. वाद आहे तो अनुवाद कसा करावा याचा. एजंट, घरमालक, सोसायटीचे सचिव आणि पुष्कळसे अनुवादकही एकच सांगतात: हे कायद्याचे कागद आहेत, इथे अनुवादकाने अक्कल चालवू नये. इंग्रजी मसुद्यातल्या शब्दासमोर कोशातला रशियन शब्द ठेवावा आणि मोकळे व्हावे.

या पूर्वपक्षात तथ्य नाही असे नाही. अर्थ लावण्याच्या नावाखाली अट सैल किंवा घट्ट करणारा अनुवादक मी पाहिला आहे. कराराच्या अटी बदलण्याचा अधिकार त्याला नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण शब्दाला शब्द ठेवला म्हणजे अट जशीच्या तशी पोचते, हे गृहीतकच चुकीचे आहे. नेमके उलट घडते. कोशातला शब्द आपल्यासोबत दुसऱ्या देशाचा कायदा घेऊन येतो आणि वाचणारा आपल्या कराराऐवजी तो कायदा वाचतो.

उदाहरण म्हणून मोहने गावातला एक व्यवहार डोळ्यांसमोर आणू. आंबिवली स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर चार मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खोली रशियातून शिकायला आलेल्या मुलाला द्यायची आहे. करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, महिना 8,000 रुपये, डिपॉझिट 40,000 रुपये. पहिले सहा महिने सोडता येणार नाही, त्यानंतर दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस द्यायची.

सरधोपट अनुवादात मथळा येतो ‘दोगवोर अरेंदी’, म्हणजे भाडेपट्टा. थोडा जाणकार अनुवादक ‘नायोम’ लिहितो, कारण रशियन नागरी संहितेत माणसाला राहण्यासाठी घर दिले की तो करार नायोमचा असतो. अरेंदा मुख्यतः कंपन्या आणि संस्थांसाठी. बोलताना रशियन लोक दोन्हीला अरेंदाच म्हणतात, ते असो. अडचण अशी की नायोम हा शब्द भाडेकरूला हक्क देणारा आहे. त्या संहितेच्या 687व्या कलमानुसार भाडेकरू तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन करार केव्हाही संपवू शकतो. मालकाला मात्र मुदतीआधी त्याला बाहेर काढायचे तर न्यायालयात जावे लागते. हे माहीत असलेल्या मुलाने मथळा वाचला की बाकीचा करार त्या समजुतीच्या आधारेच वाचला जाणार.

आपल्याकडचा कागद मुळातच निराळा आहे. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे 1882च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या 52व्या कलमातला परवाना. जागेत राहायची मुभा मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या 24व्या कलमानुसार मुदत संपली की परवानाधारकाने जागा रिकामी करायची. नाही केली, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि रेंगाळलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई लागू होते. म्हणजे आपल्या या मुलाने परीक्षा लांबली म्हणून महिनाभर जास्त मुक्काम केला, तर 8,000ऐवजी 16,000 रुपयांची मागणी उभी राहू शकते. नायोम वाचून बसलेल्याच्या मनात हे येणारच नाही. त्याला वाटेल, कोर्टाचा आदेश येईपर्यंत आपण सुरक्षित आहोत.

मग अनुवादकाने करावे काय? मथळ्यात लिव्ह अँड लायसन्स हे मूळ नाव रशियन लिपीत तसेच ठेवावे. त्याखाली, हा राहण्याच्या परवानगीचा करार आहे, यातून भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही, असे एक साधे वाक्य लिहावे आणि ते अनुवादकाची टीप म्हणून वेगळे दाखवावे. कराराचा मजकूर अबाधित राहिला आणि वाचणाराही फसला नाही. पूर्वपक्षाला जी भीती वाटते ती टीप उघडपणे वेगळी ठेवल्याने संपते.

डिपॉझिटचेही असेच. घाईत ‘ज़दातक’ हा शब्द टाकला जातो. रशियन कायद्यात ज़दातक म्हणजे बयाणा, आणि तो घेणाऱ्याने शब्द मोडला तर त्याला दुप्पट परत करावे लागते. आपल्या करारात अशी कुठलीही अट नसते. ‘ज़लोग’ बोलीत चालतो, पण कायद्यात तो तारण किंवा गहाणाचा शब्द आहे. साधा ‘देपोज़ीत’ लिहावा आणि पैसे कधी परत मिळतील, रंगकाम व वीजबिल वजा होणार का, हे त्याच ओळीत सांगावे. मूळ करारात ते नसेल तर अनुवादकाने मालकाला विचारलेच पाहिजे. इथे विचारणे हे अनुवादाचेच काम आहे, कारण मराठी माणसाला जे गृहीत असते ते बाहेरच्याला नसते.

पण सर्वांत महागात पडणारा शब्द ‘रेगिस्त्रात्सिया’ आहे. आपण एका घरासाठी रजिस्ट्रेशन हा शब्द तीन-चार कामांना वापरतो. एक, कराराची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या 55व्या कलमाने ती सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. दुसरे, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणे. तिसरे, परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत मालकाने वा वसतिगृहाने ऑनलाइन कळवायचे, ज्याला लोक सी फॉर्म म्हणत आले आहेत. आणि चौथे स्वतः विद्यार्थ्याचे: 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने आगमनापासून 14 दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करायची.

आता रशियातून आलेल्या मुलाच्या कानाने ऐका. त्याच्या देशात रेगिस्त्रात्सिया म्हटले की पहिला अर्थ येतो तो राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. दुसऱ्या शहरात 90 दिवसांहून जास्त राहायचे तर रशियन नागरिकालाही ती करावी लागते. घर देणाऱ्याने ती करू दिली की भाडेकरू निर्धास्त. अशा मुलाच्या हाती ‘करार रजिस्टर झाला आहे’ या वाक्याचा शब्दशः अनुवाद पडला, तर तो पत्त्याची नोंद झाली असेच समजणार. चौथे काम, जे त्यानेच करायचे आहे, त्याच्या यादीत येतच नाही. चौदा दिवस उलटतात आणि मग दंड, खुलासे, कॉलेजच्या चकरा. चूक शब्दाची नव्हती, शब्द कोशाप्रमाणे बरोबरच होता. म्हणून इथे चारही कामांना एक शब्द वापरू नये. कोणाकडे, कोणी, किती दिवसांत, एवढे प्रत्येकाबद्दल लिहावे आणि ‘हे तुम्ही करायचे आहे’ हे वाक्य ठळक करावे.

आकड्यांना तर अनुवाद लागतच नाही, अशी समजूत आहे. रशियनमध्ये स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. 8,000 हा आकडा तिथल्या रीतीने वाचला तर आठ पूर्णांक शून्य. रशियन प्रतीत तो मध्ये मोकळी जागा सोडून 8 000 असा लिहावा आणि शेजारी अक्षरी रक्कम द्यावी. लाखांच्या आकड्यात दोन स्वल्पविराम येतात, तिथे तर गोंधळ ठरलेलाच. मजल्याचे तेच. रशियात तळमजला हाच पहिला मजला. आपला तिसरा मजला त्यांचा चौथा ‘एताश’. मुलाने नोंदणीच्या अर्जात स्वतःच्या हिशेबाने चौथा मजला लिहिला आणि करारात तिसरा असला, की पत्ता जुळत नाही म्हणून अर्ज अडतो. पत्त्यात मूळ मजलाच राहू द्यावा आणि कंसात ‘तळमजला धरून चौथा’ असे रशियनमध्ये सांगावे.

वसतिगृहाच्या नियमांत कायदा कमी आणि सवयी जास्त. कोशात ‘वॉर्डन’ पाहिला तर ‘नद्ज़िरातेल’ मिळतो. तो तुरुंगातल्या पहारेकऱ्यालाही लागणारा शब्द आहे. रशियन वसतिगृहात त्या पदाला ‘कमेंदान्त’ म्हणतात, आणि कोणत्याही विद्यार्थ्याला तो कळतो. ‘मांसाहार शिजवू नये’ याचे शब्दशः ‘म्यासा’ केले तर मासे आणि अंडी मोकळी सुटतात, कारण रशियन माणसाच्या मनात ती म्यासात मोडत नाहीत. सोसायटीला अंडीसुद्धा नको असतील तर मांस, कोंबडी, मासे, अंडी अशी नावे घेऊन लिहावे. नाहीतर मुलगा नियम पाळतो आणि तरीही जिन्यात भांडण होते.

आणखी एक गोष्ट, जी मराठीतून जाताना हमखास निसटते. आपल्या पाट्यांवर ‘कृपया’ सगळ्यालाच लागते: कृपया चपला बाहेर काढाव्यात, कृपया रात्री दहानंतर पाहुणे आणू नयेत. पहिली विनंती आहे, दुसरी मोडली तर खोली सोडावी लागते. रशियन सूचनांत हा फरक स्पष्ट असतो. विनंतीची ओळ ‘प्रोस्बा’ने सुरू होते, बंदीची ‘ज़प्रेश्शायेत्स्या’ने. प्रत्येक कृपयाचे प्रोस्बा केले तर बंदीही विनंती होते. म्हणून अनुवादाआधी सचिवांकडून प्रत्येक नियमासमोर एक खूण करून घ्यावी: मोडला तर काय होईल? ज्याचे उत्तर ‘काही नाही’, ती विनंती. बाकी बंदी.

अनुवाद उतरला की नाही हे ओळखायला उलट अनुवाद पुरत नाही. शब्दशः केलेला मजकूर उलट केला की हुबेहूब मूळ मिळते आणि चूक लपून राहते. त्यापेक्षा मूळ करार न पाहिलेल्या रशियन वाचकाला चार प्रश्न विचारावेत. सर्वांत लवकर मी कधी सोडू शकतो? मुदतीनंतर राहिलो तर काय द्यावे लागेल? डिपॉझिटमधून काय वजा होईल? मी स्वतः कुठे आणि कधीपर्यंत नोंद करायची? आपल्या उदाहरणात पहिल्याचे उत्तर ‘तीन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही’ आले, तर मथळ्यातला शब्द बदलायला हवा.

कोणी म्हणेल, एवढे कोण करणार? करार चार पानांचा, नियम एका पानाचे. वेळ लागतो तो विचारण्यात, लिहिण्यात नाही. घरमालकांना आणि सोसायटीच्या सचिवांना म्हणूनच एवढे सांगायचे आहे: अनुवादक फोन करून प्रश्न विचारू लागला तर वैतागू नका, उत्तर द्या. वाद झाल्यास मूळ करारच ग्राह्य धरला जाईल, हे वाक्य रशियन प्रतीत पहिल्या पानावर घ्या. आणि ही प्रत मुलाच्या हातात सहीच्या आदल्या दिवशी द्या, सहीनंतर नाही.